आठवणींवर किती भिस्त ठेवावी?

प्रश्न : गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’ सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून लिहिला. झाशीच्या अभ्यासाला तो पुरावा म्हणून चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर चालेल, फक्त प्रत्येक मजकूर एकाच तोलाचा मानू नका. १८५८च्या वेढ्यात भटजी झाशीतच होते. त्यामुळे लूट, कत्तल, जीव मुठीत धरून लपणं हे डोळ्यांनी पाहिलेलं म्हणून वजनदार. राणीचे बेत किंवा दूरच्या लढाया मात्र ऐकीव. असा मजकूर समकालीन पत्रांशी, इंग्रजी लष्करी अहवालांशी ताडा. अर्थात तेही आपली बाजू सावरतातच. पराभव ठाऊक झाल्यावर लिहिलेली कारणमीमांसा निराळी काढा. आणि १९०७ची चिं. वि. वैद्यांची आवृत्ती संस्कारित आहे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये छापलेली संहिताच वापरा.