इंग्रजी मसुद्याचे शोधन : मराठी वळणाच्या तीन चुका

दहावीनंतर वसतिगृहातील विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीत अर्ज लिहू लागतात. अशा अर्जाचा एक नमुना येथे मुद्दाम देवनागरीत देत आहे : ‘माय फादर इज फार्मर. आय ॲम स्टडिइंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स. आय हॅव सबमिटेड ॲप्लिकेशन यस्टरडे. द लिस्ट ऑफ माय सर्टिफिकेट्स आर अटॅच्ड.’ चारही वाक्ये मनातल्या मनात मराठीत करून पाहावीत. एकही चुकीचे वाटणार नाही. चुकांचे मूळ तेथेच आहे.

प्रथम काळ तपासावा, कारण काळ बदलला की क्रियापदाचे रूपही बदलते. त्यासाठी कालवाचक शब्दाखाली रेघ ओढावी. ‘काल अर्ज दिला आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत मात्र ‘यस्टरडे’सारखा संपलेला काळ आला की ‘हॅव’ राहू शकत नाही. म्हणून ‘आय सबमिटेड’. दुसऱ्या वाक्यात क्रिया पूर्वी सुरू होऊन आजही चालू आहे. तेथे ‘आय हॅव बीन स्टडिइंग’ हवे. आपले ‘पासून’ आरंभ आणि अवधी दोन्हींना पुरते. इंग्रजीत आरंभबिंदूला ‘सिन्स’ आणि अवधीला ‘फॉर’ : ‘फॉर फाइव्ह इयर्स’.

मग कर्ता शोधावा. ‘प्रमाणपत्रांची यादी जोडली आहे’ या वाक्यात ‘यादी’ क्रियापदाच्या निकट असते. इंग्रजीत ‘लिस्ट’ आधी येते आणि अनेकवचनी ‘सर्टिफिकेट्स’ मध्ये शिरते. लिहिणारा त्या शेजाऱ्यालाच कर्ता समजतो. ‘ऑफ’पासूनचा तुकडा बोटाने झाकावा. उरते ‘द लिस्ट’, म्हणजे ‘इज’.

उपपदे शेवटी पाहावीत, कारण मराठीत ती नाहीतच आणि त्यांना सर्वाधिक विचार लागतो. मोजता येणारे एकवचनी नाम एकटे दिसले की थांबावे. ‘फार्मर’ आधी ‘अ’ हवा. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षर नव्हे, उच्चार ठरवतो. देवनागरीत लिहिले की ते लगेच कळते. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ’. ‘अवर’ स्वराने, म्हणून ‘ॲन’.

‘ॲप्लिकेशन’पाशी मात्र शोधकाने स्वतः निर्णय घेऊ नये. कोणता अर्ज हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल तर ‘द’, नसेल तर ‘ॲन’. ही माहिती फक्त लेखकाकडे असते. समासात प्रश्नचिन्ह करून मसुदा त्याच्याकडे परत द्यावा. ‘माय ॲप्लिकेशन’ असे उत्तर त्याने दिले, तर उपपदाची गरजच उरत नाही.