*पनीर केल्यावर प्रथिने किती हाती लागतात, पाण्यात किती जातात?*



"पनीरच्या पाण्यातच सगळी ताकद जाते" असं बरेच जण म्हणतात. आज त्याचा हिशोब मांडू.

*१ लिटर म्हशीचं दूध धरा.* त्यात साधारण ४० ग्रॅम प्रथिने असतात. त्यातली ३२ ग्रॅम केसीन असतात. आंबट घातलं की केसीन फाटून गोळा होतं. उरलेली ८ ग्रॅम प्रथिने पाण्यात विरघळलेली असतात आणि नुसत्या आंबटाने ती फाटत नाहीत. पण दूध ९० अंशांपर्यंत तापवलं की त्यातली बरीचशी केसीनला चिकटतात आणि पनीरमध्ये येतात.

म्हणून नीट तापवलेल्या दुधातून सुमारे २०० ग्रॅम पनीर मिळतं. त्यात ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात आणि निवळीत फक्त ४ ग्रॅम उरतात. कोमट दूध फाडलं, तर जवळजवळ ८ ग्रॅम निवळीत जातात.

*कृती:* दुधाला उकळी येऊ द्या, मग गॅस बंद करून ७० अंशांपर्यंत निवू द्या. २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड २०० मिली गरम पाण्यात विरघळवा. ते हळूहळू ओतत दूध हलवा. हिरवट, स्वच्छ पाणी सुटलं की ओतणं थांबवा. ॲसिड उरलं तर उरू द्या. ५ ते १० मिनिटांनी कापडातून गाळून वजनाखाली दाबा.

*चुकलं कसं ओळखाल?*
👉 निवळी दुधाळ दिसली, तर केसीनच वाया जातंय. गाळायच्या आधी पुन्हा थोडं तापवा आणि ॲसिडचं पाणी चमचा-चमचा घाला. एकदम जास्त घातलं तर पनीर आंबट आणि कडक होतं.
👉 निवळी स्वच्छ आहे, पण वेगळी उकळल्यावर तिच्यात पांढरे कण तरंगले, तर दूध सुरुवातीला कमी तापलं होतं. हे कण कापडातून गाळून पनीरमध्ये मिसळता येतात.

*वजनावर जाऊ नका.* त्याच दुधाचं पनीर कमी दाबलं तर २२० ग्रॅम भरेल, जास्त दाबलं तर १९०. प्रथिने दोन्हीत तेवढीच असतात, फरक फक्त पाण्याचा. गाईच्या दुधात प्रथिने ३३ ग्रॅमच्या आसपास असतात, त्यामुळे पनीरही कमी, साधारण १६० ग्रॅम पडतं.

*मग निवळी टाकून द्यायची का?* नाही. दुधातली बहुतेक साखर, म्हणजे ४० ग्रॅमहून जास्त, तिच्यातच असते. त्याच दिवशी कणीक मळायला किंवा आमटीत वापरा. मात्र प्रथिनांसाठी निवळी पिण्यात अर्थ नाही: पूर्ण लिटरभर प्यायलात तरी ४ ग्रॅमच मिळतील. तेवढी २५ ग्रॅम पनीरमध्ये मिळतात.