बारा दिवसांचा फ्लोट, पण कुणाचा?

तीन दिवसांच्या उशिराचा दंड माझ्या बिलातून कापला, त्याचा राग अजून गेलेला नाही. वेळ खाल्ला दुसऱ्याने आणि भुर्दंड मला.

ऑफिसच्या एका मजल्याचं वायरिंग माझ्याकडे होतं. भिंती खणून पाइप टाकायला १० दिवस, मग माझं वायरिंग ८, त्यानंतर फॉल्स सीलिंग १२, अशी आमची ३० दिवसांची साखळी. दर्शनी काचांचं काम ४२ दिवसांचं, म्हणून क्रिटिकल पाथ तोच. दोन्ही संपल्याशिवाय कार्पेट पडणार नव्हतं. चार्टमध्ये आमच्या तिन्ही कामांपुढे एकच आकडा होता: फ्लोट १२.

पाइपवाल्याने ‘आपल्याकडे बारा दिवस आहेत’ म्हणत दहाव्याऐवजी बाविसाव्या दिवशी मजला ताब्यात दिला. तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. मी आठ दिवसांत वायर ओढल्या, पण मेगर टेस्ट पाहायला सल्लागाराचा माणूस तीन दिवस फिरकलाच नाही. टेस्टशिवाय सीलिंग बंद करता येईना. काम ४५व्या दिवशी संपलं.

मीटिंगमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. “साहेब, तुम्हाला बारा दिवसांचा फ्लोट होता की! तरी तीन दिवस उशीर?” पाइपवाला शेजारीच मोबाइल चाळत बसला होता. स्क्रीनवरचा चार्ट पहिल्या दिवशीचाच होता. तेव्हा लख्ख कळलं की ते बारा दिवस प्रत्येकाचे नव्हतेच, तिघांत मिळून बारा होते. ते पहिल्यानेच संपवले आणि बाविसाव्या दिवशी आमची साखळीही क्रिटिकल झाली.

म्हणून सांगतो, नुसत्या टोटल फ्लोटवर जाऊ नका. पुढच्या कामाला धक्का न लावता किती थांबता येतं, ते फ्री फ्लोट सांगतो. आमच्या साखळीत तो पाइपला शून्य, वायरिंगला शून्य आणि फक्त सीलिंगला १२ होता. एमएस प्रोजेक्टमध्ये `Total Slack`शेजारी `Free Slack` हा कॉलम लावायला सांगा. नुसता बार चार्ट घेऊ नका, कुठलं काम कशावर अडलंय ते दाखवणारा नेटवर्क डायग्राम मागा.

आधीचं काम घसरलं की त्याच दिवशी पत्र द्या: ‘मजला २२व्या दिवशी मिळाला, आता माझा फ्लोट शून्य, सुधारित नेटवर्क पाठवा.’ टेस्टसाठी कुणाची वाट पाहत असाल, तर तेही रोजच्या रोज कळवा. तोंडी बोलण्याला बिलाच्या वेळी कवडीची किंमत नसते.

आणि फ्लोट कुणी वापरायचा, हे करारात लिहून घ्या. तसं काही लिहिलेलं नसेल, तर जो आधी पोचेल तोच फ्लोट संपवतो, आणि साखळीत मागे असलेल्याच्या नावावर उशीर लागतो.