सरांचा खरा वाढदिवस

माझ्या नवऱ्याचे वाढदिवस दोन होते. एक १ जूनचा. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली, ती घरात कुणाला सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकली. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची हीच कथा आहे. पुढे ती तारीख दाखल्यावरून पेन्शनच्या कागदांवर गेली, आधार कार्डावर गेली आणि शेवटी फेसबुकवर. दुसरा वाढदिवस दत्तजयंतीचा. "मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, देवळात पाळणा हलला तेव्हा झाला," असं त्यांच्या आत्या सांगायच्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी औक्षण व्हायचं ते त्याच संध्याकाळी.

ते रात्रशाळेत गणित शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत मीही म्हणू लागले.

सर गेले त्यानंतरच्या पहिल्या १ जूनला त्यांचा फोन सकाळपासून वाजत राहिला. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत असल्यामुळे मुलाने तो चालू ठेवला होता. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी केकचं चित्र टाकलं, खाली लिहिलं, "स्वर्गात वाढदिवस आनंदात साजरा होवो." त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी माझ्याच नंबरवर लिहिलं, "कै. सरांना जन्मदिनी विनम्र अभिवादन." लिहिणारी सगळी माणसं सरांवर जीव असलेली होती, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण तो दिवस आमचा नव्हताच. मी प्रत्येकाला आभार लिहीत बसले आणि संध्याकाळपर्यंत दमून गेले. मग मार्गशीर्ष आला. दत्तजयंतीला नागनाथपाराच्या बाजूने मी एकटी फिरून आले. दिवसभर फोन गप्प होता.

टपाल मात्र आलं होतं. आदल्या दिवशीच, कोल्हापूरहून. माझ्या हुजूरपागेतल्या मैत्रिणीचं.

त्या एका पत्राने मला जे शिकवलं ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. माणूस गेल्यावर दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, पितृपक्षातली तिथी यांची सगळी व्यवस्था आपल्याकडे लावलेली आहे. त्या दिवशी काय करायचं, कुणाला बोलवायचं, पानात काय वाढायचं हे ठरलेलं असतं, आणि त्या ठरलेल्या कामांचा मोठा आधार होतो. गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला असं काही नसतं. थोरांची जयंती होते, घरातल्या माणसाची होत नाही. म्हणून त्या दिवशी आपल्या मैत्रिणीला कुणी लिहिलं नाही, तर तिला दुसरीकडून काहीच मिळत नाही.

पहिलं काम तारखेची खात्री करण्याचं. गेलेली व्यक्ती साठीपुढची असेल आणि तारीख १ जून दिसत असेल, तर ती खरी नाही असंच धरून चाला. त्या घरात वाढदिवस तारखेने होता की तिथीने, हे मुलाला, सुनेला किंवा भावाला आधीच विचारून ठेवा; जिच्यासाठी लिहायचं तिला विचारू नका. माझ्या मैत्रिणीला सरांची तिथी ठाऊक होती. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, म्हणून नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की ती त्या चौकोनात खूण करते.

गेलेल्या माणसाच्या नंबरवर मात्र काही पाठवू नये. तो फोन बहुतेक वेळा बायकोच्या किंवा मुलाच्या हातात असतो. नंबर बंद केलेला असेल, तर ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, आणि मग आपलं लिहिलेलं परक्याकडे जातं. घरच्यांसाठी एक माहिती इथेच देते. मृत्यूचा दाखला पाठवून फेसबुकचं खातं स्मृतिखातं करून घेता येतं. त्यानंतर वाढदिवसाची सूचना कुणाला जात नाही. आमच्या मुलाने ते नंतर केलं.

आता पत्राबद्दल. सुरुवातीला तिने तब्येतीची चौकशी केली नव्हती. "दत्तजयंतीला सरांचा वाढदिवस. मला आठवण आहे," अशी सुरुवात होती. तिथे मी थोडा वेळ थांबले, कारण त्या महिन्यांत सरांचा उल्लेख सगळे चुकवत होते. पुढे वाचताना मला कळलं की माझ्या नवऱ्याने तिच्या मुलाला पोस्टकार्डं पाठवली होती. मुलगा सातवीत होता आणि त्याने गणिताची धास्ती घेतली होती. आम्ही कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा सरांनी त्याच्याशी काहीतरी ठरवलं आणि मग पुण्याहून एकेका जोडकार्डावर एकेक गणित जाऊ लागलं. जोडलेल्या कोऱ्या कार्डावर मुलाने उत्तर लिहून परत पाठवायचं. चुकलं तर सर बरोबर उत्तर द्यायचे नाहीत, तेच गणित लहान आकडे घालून पुन्हा पाठवायचे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. पत्रासोबत एका कार्डाची झेरॉक्स होती, शेतातली विहीर किती दिवसांत भरेल त्या गणिताची, आणि कोपऱ्यात त्यांचा ७ होता, मधे आडवी रेघ मारलेला.

त्या माणसाबद्दलची, आपल्यापाशी असलेली आणि घरच्यांना ठाऊक नसलेली एक खरी गोष्ट. पत्रात माझ्या लेखी सर्वांत मोलाचं हेच आहे. घरचं माणूस गेलं की त्याच्याबद्दल नवं काही कळण्याची वाट बंद होते, जुनंच उगाळत राहावं लागतं. त्या दिवशी मला सर थोडे आणखी मिळाले. म्हणून "फार मोठ्या मनाचे होते", "देवमाणूस होते" असं लिहू नका. त्यांनी काय केलं, कुठे केलं, काय म्हणाले, ते लिहा. गोष्ट लहान असली तरी चालते. पेरुगेटाशी भाजी घेताना त्यांनी तुमची पिशवी कशी धरली होती, एवढंही पुरतं. मात्र ती घडलेली असली पाहिजे. आठवण धूसर असेल तर "नक्की साल आठवत नाही" असं लिहून टाका.

मूळ कार्ड तिने टपालात घातलं नाही, हेही बरोबर केलं. "मूळ माझ्याजवळ आहे, हवं असेल तेव्हा आणून देईन," असं तिने लिहिलं होतं. फोटो पाठवायचा असेल तर तो वेगळ्या लिफाफ्यात घालून वर "आत सरांचा फोटो आहे" असं लिहावं, म्हणजे कधी उघडायचा ते तिला ठरवता येईल. फोनवर तर न सांगता फोटो टाकूच नये. बघायची तयारी होण्याआधीच तो डोळ्यांसमोर येतो.

तिच्या पत्रात काही वाक्यं नव्हती, त्यांचंही सांगायला हवं. "आता सावर" नव्हतं. "ते जिथे असतील तिथे सुखात असतील" नव्हतं. ते कुठे आहेत हे ठरवण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला नसतो. त्यांच्या नावाआधी "कै." नव्हतं. आणि "काही लागलं तर सांग" हेही नव्हतं, कारण काय लागतंय हे शोधून दुसऱ्याला सांगणं त्या दिवसांत एक जास्तीचं काम होऊन बसतं. त्याऐवजी तिने लिहिलं होतं, "दत्तजयंतीला रात्री आठला मी घरी आहे. फोन केलास तर बोलू, नाही केलास तरी चालेल. या पत्राला उत्तर नको." मी फोन केला नाही. तिनेही, पत्र मिळालं का म्हणून, विचारलं नाही.

वयाचा हिशेब तिने केला नव्हता. हे मला तेव्हा जाणवलं नाही. आमच्या इमारतीतल्या एका मैत्रिणीची मुलगी गेल्यावर तिला लिहायला बसले, तेव्हा जाणवलं. "आज ती पंचविशीची झाली असती," असं वाक्य अशा वेळी आपोआप सुचतं. ते लिहू नये. आईबाप तो हिशेब दररोज करत असतात, त्यांनी बोलून दाखवला तर ऐकावा. मी तिला मुलीचं नाव घेऊन एवढंच लिहिलं की निंबाळकर तालमीपाशी मस्तानी पिताना ती आइस्क्रीम आधी खाऊन टाकायची आणि दूध धाकट्या भावाला द्यायची. भाऊ त्याच घरात होता, तेव्हा पाकिटावर मी दोघांचीही नावं घातली. भावंडांना असं पत्र सहसा कुणी लिहीत नाही.

पत्र साध्या टपालाने पाठवावं असं माझं मत आहे. स्पीड पोस्ट आलं की दारात उभं राहून सही करावी लागते, आणि सही घेणारा समोर असताना पाठवणाऱ्याचं नाव वाचलं जातं. साधं पत्र पेटीत पडतं, हवं तेव्हा काढता येतं. त्यासाठी चार-पाच दिवस हाताशी ठेवा. उशिरा पोचण्यापेक्षा आदल्या दिवशी पोचलेलं बरं. जवळच राहत असाल तर स्वतः पेटीत टाका, घंटी वाजवू नका. फोनवरच लिहायचं असेल तर रात्री बाराला पाठवू नका. सकाळची कामं उरकली की नऊ-दहाला पाठवा, आणि तेही एकटीला, ग्रुपवर नको.

एखाद्या वेळी उत्तर येतं, आणि त्यात "मला आता जगायचंच नाही" असं काही असतं. तेव्हा पुन्हा पत्र लिहीत बसू नये. लगेच फोन करावा, जमेल तर जाऊन बसावं, घरातल्या कुणाला तरी सांगावं. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, त्यावर मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. आपण मैत्रीण आहोत, त्याहून जास्त काही आपल्याला येत नाही, हे तेव्हा लक्षात ठेवावं.

पहिल्या वर्षी थोडे तरी लोक लिहितात. दुसऱ्या वर्षी जवळजवळ कुणी लिहीत नाही, आणि मला तरी दुसरं वर्ष पहिल्याहून जड गेलं, कारण तोवर पहिला बधिरपणा ओसरला होता. मैत्रिणीचं पत्र दुसऱ्या वर्षीही आलं, पहिल्यापेक्षा आखूड. तिसऱ्या वर्षी तिने सरळ लिहिलं की सरांबद्दल माझ्याजवळचं सगळं सांगून झालं, आता तू सांग, सरांना गणित कुणी शिकवलं? त्या पत्राला मी उत्तर लिहिलं. सरांच्या आत्या निरक्षर होत्या, पण बाजारात ज्वारीच्या भावाचा हिशेब पायली आणि शेराच्या मापात तोंडी करायच्या, आणि लहानपणी सर त्यांच्याबरोबर बाजाराला जायचे. चार पानं झाली. त्यातलं निम्मं मी मुलालाही कधी सांगितलं नव्हतं, म्हणून पाकीट बंद करण्याआधी त्याला वाचायला दिलं.