मृत्यूनंतरचा हिशोब : आपला आणि पारशी धर्माचा

दत्तभक्तहो, बँकेत माझे एक पारशी सहकारी होते. त्यांचे वडील वारले तेव्हा धीर द्यायला मी म्हणालो, "पुण्यवान माणूस होते, चांगल्या कुळात पुन्हा जन्म घेतील." ते शांतपणे म्हणाले, "आमच्यात परत जन्म नसतो. पपा पूल ओलांडून गेले." मी ओशाळलो. "शेवटी सगळे धर्म एकच सांगतात" असं मी नेहमी म्हणायचो. त्या दिवसापासून ते सोडलं आणि थोडं वाचलं.

त्यांच्या परंपरेत आत्मा तीन रात्री देहाजवळ राहतो. चौथ्या पहाटे तो चिन्वत पुलापाशी येतो. तिथे मिथ्र, स्रोश आणि रश्नू हे न्याय करतात. तराजू रश्नूच्या हाती. सत्कर्मांचं पारडं जड झालं तर पूल रुंद होतो, हलकं ठरलं तर सुरीच्या धारेएवढा अरुंद होऊन आत्मा खाली नरकात पडतो. दोन्ही पारडी समान असतील, तर हमिस्तगान नावाचं मधलं ठिकाण आहे.

आपल्याकडे यमधर्म आणि चित्रगुप्त आहेत, म्हणून दोन्ही सारखंच वाटतं. पण हिशोबाची रीत वेगळी आहे. तिथे पापपुण्याची वजावट होऊन शिल्लक बघतात. आपल्याकडे जमेची आणि नावेची बाजू वेगवेगळी भोगावी लागते. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात धर्मराजाला आधी नरक पाहावा लागतो, कारण द्रोणाचार्यांना अश्वत्थाम्याबद्दल फसवलं होतं. आणि दुर्योधन तेव्हा स्वर्गात बसलेला दिसतो! तराजूवर तोललं असतं, तर धर्मराज थेट पुलापार गेला असता.

दुसरा फरक पुढचा. आपलं खातं भोगून संपत नाही. उरलेलं कर्म पुढच्या जन्मात ओढलं जातं आणि मोक्ष ज्याचा त्याचा. पारशी परंपरेत जन्म एकच, पण नरकही कायमचा नाही. जगाच्या अखेरीस सगळे मृत उठतात आणि वितळलेल्या धातूच्या प्रवाहातून जातात. सज्जनांना तो कोमट दुधासारखा वाटतो, दुर्जनांना भाजतो, पण शुद्ध करतो. मुक्ती सर्वांची, एकदमच. (आज काही पारशी पुनर्जन्म मानतात, जुन्या पहलवी ग्रंथांत मात्र तो नाही.)

मागे राहिलेल्यांचं कामही वेगळं. त्यांच्या प्रार्थना त्या तीन रात्री आत्म्याची राखण करतात. आपल्या दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताला देह मिळतो आणि सपिंडीकरणाने तो पितरांत जातो. नंतर दरवर्षी श्राद्ध. गुरुचरित्रात पीठापूरच्या सुमतीने श्राद्धाच्याच दिवशी, ब्राह्मण जेवायच्या आधी, अतिथी बनून आलेल्या दत्तमहाराजांना भिक्षा घातली. आपल्या घरात पितर आणि दत्त एकाच दिवशी दारी येतात, ते असे.

पुढे त्यांच्या आई गेल्या, तेव्हा मी चौथ्या दिवशी भेटलो आणि एवढंच म्हणालो, "आईंना पूल रुंद मिळाला असेल." त्यांनी माझा हात घट्ट धरला.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥