रात्रपाळी बदलून हवी आहे

प्रश्न : मी कारखान्यात मशीन ऑपरेटर आहे. इन्सुलिन सुरू झाल्यापासून रात्रपाळीत साखर एकदम उतरते, हात थरथरतात. साहेबांकडे पाळी कशी बदलून मागू?

उत्तर : नुसतं ‘झेपत नाही’ म्हणालात, तर साहेबांना आधी रिकामी मशीनच दिसेल. म्हणून तिच्यासाठी माणूस तुम्हीच सुचवा. रात्रपाळीच्या भत्त्यासाठी अदलाबदलीला तयार असलेला, त्याच मशीनवर काम येणारा सहकारी शोधा आणि त्याच्या संमतीने त्याचं नाव अर्जात लिहा. बदल आधी दोन महिन्यांसाठीच मागा; आजमावून पाहायला साहेब सहज तयार होतात. ‘रात्रपाळी टाळावी’ एवढं स्पष्ट लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र जोडा, सगळी फाइल नको. तुमचा भत्ता मात्र जाईल. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोवर इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.