साठतं की आटतं? वहीतलं जी६पीडी आणि घरातलं बाळ

प्रश्न : डॉक्टर, मी दापोलीची, वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत बायोकेमिस्ट्रीच्या नोट्स फ्लोचार्टच्या रूपात नव्याने लिहून काढते आहे. पेंटोज फॉस्फेटचा मार्ग एका वहीत, नवजात बाळाची कावीळ दुसऱ्या वहीत आणि हिवतापाची औषधं वरच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या नोट्समध्ये, अशी सगळी पांगापांग आहे. त्यातच माझ्या भावाचं बाळ तिसऱ्या दिवशी बरंच पिवळं पडलं आणि तपासणीत त्याचं जी६पीडी कमी निघालं. आता तो बरा आहे. पण ‘याला काय चालेल, काय चालणार नाही’ हे घरातले सगळे मला विचारतात. आई म्हणते, आपल्या घराण्यात असलं काही कुणाला नव्हतं. मी काय सांगू?

उत्तर : तुझा अभ्यास आणि घरच्यांची काळजी, दोन्हीला एकच तक्ता पुरेल. इतर वाचकांनीही तो वाचावा, कारण औषधाच्या दुकानापासून कपड्यांच्या ट्रंकेपर्यंत त्याचा संबंध पोचतो.

नोट्स पुन्हा लिहिताना बहुतेक विद्यार्थी पुस्तकातलाच मार्ग बाण काढून उतरवतात आणि पानाच्या तळाशी ‘नियंत्रण’ व ‘विकार’ अशी दोन टिपणं जोडतात. टिपणं तळाशी गेली की त्यांचा बाणांशी संबंध तुटतो. त्याऐवजी प्रत्येक महत्त्वाच्या बाणाशेजारीच तीन गोष्टी लिही. हे एन्झाइम एरवी किती वेगानं चालतं आणि त्याला कोण आवरतं? ते बंद पडलं तर वरचा पदार्थ साठतो, की खालचा आटतो? आणि कोणत्या पेशीला दुसरी वाटच नाही?

जी६पीडीचा तक्ता असा होईल :

१. ग्लुकोज-६-फॉस्फेट → (जी६पीडी) → ६-फॉस्फोग्लुकोनोलॅक्टोन. याच पायरीवर एनएडीपीचं एनएडीपीएच होतं.

२. एनएडीपीएच → (ग्लुटाथायोन रिडक्टेज) → वापरून झालेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला तयार.

३. तयार ग्लुटाथायोन → (ग्लुटाथायोन परॉक्सिडेज) → हायड्रोजन परॉक्साइडचं पाणी.

४. तिसरी पायरी अडली तर → हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात → लाल पेशी फुटते → रक्त कमी, कावीळ, गडद लघवी.

पहिल्या पायरीपुढे मार्गाच्या आणखी बऱ्याच पायऱ्या आहेत. परीक्षेसाठी त्या हव्यातच, पण या विकाराच्या तक्त्यात नकोत. विकार समजायला वरच्या चार ओळी पुरतात.

आता तीन प्रश्न एकेक घेऊ. साठतं की आटतं? फिनाइलकिटोन्यूरियासारख्या विकारात एन्झाइमच्या आधीचा पदार्थ साठून मेंदूला इजा करतो. इथे तसं होत नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेटला ग्लायकोलिसिसची मोठी वाट मोकळीच असते, म्हणून ते तिकडे वळतं. तुटवडा पडतो तो खालच्या एनएडीपीएचचा. म्हणूनच या बाळाला फिनाइलकिटोन्यूरियासारखा रोजचा पथ्याचा आहार लागत नाही. ज्यामुळे एनएडीपीएचची मागणी अचानक वाढते, तेवढंच टाळायचं.

कोणत्या पेशीला दुसरी वाट नाही? बाकीच्या पेशींकडे एनएडीपीएच बनवण्याचे आणखी मार्ग आहेत. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रियाच नाहीत, त्यामुळे तिची सगळी भिस्त या एका एन्झाइमवर. शिवाय तिला केंद्रक नाही. म्हणजे सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात एन्झाइम झिजलं तर नवं बनवता येत नाही. हा मुद्दा चौकटीत लिहून ठेव, पुढे लागणार आहे.

नियंत्रण कसं आहे? एनएडीपीएच भरपूर असलं की ते स्वतःच जी६पीडीला आवरतं. एनएडीपी वाढलं की एन्झाइम वेग घेतं. शांत दिवशी लाल पेशीतल्या ग्लुकोजचा सुमारे दहावा हिस्साच या मार्गानं जातो आणि एन्झाइम आपल्या क्षमतेच्या थोड्याच अंशावर चालतं. म्हणून ज्याच्याकडे एन्झाइम मुळात कमी आहे, तोही एरवी ठणठणीत असतो. शाळेत जातो, क्रिकेट खेळतो, त्याचं हिमोग्लोबिनही सहसा ठीक येतं. एखादं औषध, रसायन किंवा जंतुसंसर्ग पेशीत परॉक्साइड वाढवतो तेव्हा वेग वाढवायला एन्झाइमच शिल्लक नसतं. ‘एरवी काहीच होत नाही’ यावरून ‘विकार नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही, तो या नियंत्रणामुळेच.

हा विकार आपल्याला परकाही नाही. मुंबईच्या पारशी समाजात तो असल्याची नोंद १९६३ मध्ये झाली. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला ‘जी६पीडी कल्याण’ असं नाव मिळालं. पुढे १९९२ मध्ये कळलं, की ‘कल्याण’ आणि आधीपासून माहीत असलेला ‘केरळ’ हे दोन्ही एकाच बदलाचे. एन्झाइमच्या साखळीत ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलेलं असतं. याचा अर्थ हा कोळ्यांचा किंवा पारशांचा आजार असा नव्हे. तो कुठल्याही घरात निघू शकतो.

आईचा प्रश्न आता सोडवू. जी६पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला वडिलांकडून वाय मिळतं आणि एक्स फक्त आईकडून. म्हणजे बाळाला हे तुझ्या भावाकडून आलेलं नाही, त्यामुळे तुमच्या घराण्यात कुणाला नसणं बरोबरच आहे. पण यावरून वहिनीला कुणी बोल लावू नये. तिच्या दोन एक्सपैकी एकावर हा बदल असेल तर तिला स्वतःला बहुधा कधी त्रासही झाला नसेल, आणि कधीकधी हा बदल बाळात नव्यानेच होतो. उपयोगाची गोष्ट अशी, की वहिनीची आणि तिच्या भावांची तपासणी करून घ्यावी. या बाळामुळे तुझी तपासणी करायची गरज नाही.

तक्ता खरा उतरला की नाही हे एका उदाहरणावर पडताळून पाहा. समजा, पावसाळ्यात हुडहुडी भरून ताप आलेल्या वीस वर्षांच्या तरुणाच्या रक्तात व्हायवॅक्स हिवताप निघाला. यकृतात लपलेले जंतू मारण्यासाठी त्याला प्रायमाक्विन सुरू झालं. नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम, रोज, १४ दिवस. ताप उतरला. पण तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे, पाठीत दुखणं, जिना चढताना दम. घरचे म्हणतील, हिवताप उलटला. तक्ता काय सांगतो? प्रायमाक्विनमुळे पेशीत परॉक्साइड वाढलं, दुसरी आणि तिसरी पायरी एनएडीपीएच मागू लागली, पहिली पायरी देऊ शकली नाही. औषध सुरू केल्यापासून एक ते तीन दिवसांत लाल पेशी फुटू लागल्या. इथे गोळी त्याच क्षणी थांबवून रुग्णालय गाठायचं.

आता फसवणारी जागा. त्याच दिवशी केलेली जी६पीडीची तपासणी ‘नॉर्मल’ येऊ शकते. वरच्या चौकटीत काय लिहिलं ते आठव : जुन्या पेशींत एन्झाइम सर्वात कमी, म्हणून त्याच आधी फुटल्या. रक्तात उरल्या तरुण पेशी, ज्यांत एन्झाइम त्यातल्या त्यात जास्त असतं. म्हणून संशय असेल तर सुमारे तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते. पुढे व्हायवॅक्स झाला तर प्रायमाक्विन देताच येत नाही असंही नाही. एन्झाइम अगदीच कमी नसेल तर आठवड्यातून एकदा, किलोला ०.७५ मिलिग्रॅम, आठ आठवडे, हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवून देण्याची पद्धत आहे. तो निर्णय मात्र डॉक्टरांचाच.

हा तक्ता आता घरात लावू. आपल्याकडे पावसाळ्यात गोधड्या, दुपटी आणि लुगडी ट्रंकेत ठेवताना डांबरगोळ्या टाकतात. त्यातलं नॅप्थलीन श्वासातून आणि त्वचेतून बाळाच्या अंगात जातं आणि नेमका चौथ्या ओळीतला अनर्थ घडवतं. नवजात बाळाचं यकृत बिलिरुबिनचा निचरा करायला अजून तयार नसतं, त्यामुळे त्याची कावीळ झपाट्यानं वाढून मेंदूला कायमची इजा करू शकते. घरातून डांबरगोळ्या काढून टाका. त्या ट्रंकेतलं दुपटं ‘धुऊन घेऊ’ म्हणून बाळाला वापरू नका, नवं आणा. डांबरगोळ्यांच्या जागी कापूरही नको. बाळाच्या हातापायाला मेंदी लावू नका.

खाण्यात टाळायचं ते फावा बीन, म्हणजे बाकला. त्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही द्रव्यं असतात. परदेशी याद्या वाचून काही घरांत कडव्या वालाचं बिरडंही बंद करतात. वाल ही वेगळ्या प्रजातीची वनस्पती आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ज्या वालाच्या जाती काढल्या तो हाच, बाकला नव्हे. बाळंतिणीनं वाल खायला हरकत नाही. बाकला आणि टाळायची औषधं मात्र अंगावर पाजणाऱ्या आईनंही टाळावीत.

औषधांत लक्षात ठेवायची नावं थोडी आहेत : प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रॅस्ब्युरिकेज आणि मिथिलीन ब्लू. नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामॉल चालतं. लसी सगळ्या वेळेवर द्यायच्या. ‘जी६पीडी कमी’ असं बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्या आणि दुकानातून कोणतंही औषध घेताना ते दाखवा.

आणि सर्व वाचकांसाठी : बाळाचा पिवळेपणा पहिल्या २४ तासांतच दिसला, किंवा तळपायापर्यंत उतरला, बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, चिरक्या आवाजात रडू लागलं किंवा धनुष्यासारखं मागे ताणू लागलं, तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका. त्याच तासाला रुग्णालयात न्या. मोठ्या माणसात नवं औषध घेतल्यावर किंवा ताप आल्यावर लघवी गडद झाली तर औषधाची पट्टी हातात घेऊनच डॉक्टरकडे जा. बाणावर कोणता ताण आला, हे त्या पट्टीवरून सर्वात लवकर कळतं.